गाळायचं तर दुसऱ्या वाक्यातून: इंग्रजी जोडवाक्यांची काटछाट

नमस्कार. इथं बसलेले बहुतेकजण रोज इंग्रजीत लिहिणारे आहेत, कोणाचा थीसिस चालू आहे, कोणी संस्थेचे रिपोर्ट लिहितं, कोणी इंग्रजी पेपरला बातम्या देतं, म्हणून मी आर्टिकल आणि टेन्समधे वेळ घालवत नाही, डायरेक्ट एका वाक्यावर येतो. 2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं, ते आपल्याकडं कोण विसरेल. आता समजा त्यावर कोणी लिहिलं, "ट्रेन्स ब्रॉट वॉटर टू लातूर अँड टँकर्स टू द व्हिलेजेस." लिहिणाऱ्याच्या डोक्यात काय, तर रेल्वेनं लातूरला पाणी आणलं आणि टँकरनं खेड्यांना. बाहेरचा माणूस वाचतो काय, तर रेल्वेनं लातूरला पाणी आणलं आणि खेड्यांना टँकर आणले! म्हणजे टँकर वॅगनवर चढवून आणले की काय.

असं का होतं बघा. मराठीत आपण "रेल्वेनं" म्हणतो, "टँकरनं" म्हणतो, तो "नं" कर्त्याला चिकटलेला असतो, त्यामुळं क्रियापद गाळलं तरी कोणी काय केलं ते हरवत नाही. इंग्रजीत नामाला तसलं काही चिकटत नाही, शब्द कुठं बसलाय त्यावरून तो कर्ता की कर्म ते ठरतं, आणि क्रियापदच गेलं की तो कुठं बसलाय हेच कळत नाही. मग वाचणारा सगळ्यात कमी कष्टाचा अर्थ घेतो. वरच्या वाक्यात "वॉटर टू लातूर" ही एक जोडी आणि "टँकर्स टू द व्हिलेजेस" ही दुसरी, दोन्ही एकाच "ब्रॉट"वर बसतात, आणि काही गाळलंय अशी शंकासुद्धा त्याला येत नाही.

जोडवाक्यात मधलं क्रियापद असं गाळायला गॅपिंग म्हणतात. मी ह्याच्या विरोधात नाही हं, उलट चांगलं जमलं तर वाक्य मस्त चालतं: "लातूर गॉट फाइव्ह टँकर्स अँड बीड थ्री." हे का चाललं? "अँड"नंतरचं पहिलं नाम उचला आणि आधीच्या वाक्यातल्या कर्माच्या जागी ठेवून बघा. "लातूर गॉट बीड थ्री", छे, लातूरनं बीडला टँकर मिळवून दिले असं कोणी वाचणार नाही, म्हणून सेफ. पण "शिंदे गेव्ह पाटील अ नोटिस अँड देशमुख अ वॉर्निंग" घ्या. देशमुखांनी वॉर्निंग दिली का त्यांना मिळाली? देशमुख कर्माच्या जागी आरामात बसतात, आणि वाचणारा तसंच वाचणार. देशमुखांनी पाटलांना दिली असेल तर सरळ "अँड देशमुख गेव्ह हिम अ वॉर्निंग" लिहा, दोन शब्द वाढले तर वाढू द्या. देशमुखांच्या नंतर कॉमा टाकला की काम झालं असं बरेचजण समजतात, पण कॉमानं नुसता इशारा होतो, खात्री होत नाही, आणि घाईत वाचणाऱ्याला तो दिसतही नाही.

आता दिशेचा मुद्दा, आणि आजचा खरा माल इथंच आहे. रॉस नावाच्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञानं 1970 मधे गॅपिंगवर एक पेपर लिहिला, त्यात त्यानं दाखवलं की क्रियापद पुढच्या वाक्यातून गळणार का मागच्या, हे त्या भाषेतल्या शब्दांच्या क्रमाशी बांधलेलं असतं. आपलं क्रियापद शेवटी, म्हणून आपल्याला मागच्या वाक्यातून गाळणंही चालतं, "गणेश सोयाबीन पेरतो आणि त्याचा भाऊ तूर" पण बरोबर आणि "गणेश सोयाबीन आणि त्याचा भाऊ तूर पेरतो" हेही बरोबर. इंग्रजीत गॅपिंग फक्त पुढच्या वाक्यात. पण, आणि इथं मोठमोठे लिहिणारे अडकतात, इंग्रजीतही पहिल्या भागातून गाळायचा एक प्रकार आहे, दोघांची सामाईक शेपटी एकदाच शेवटी ठेवायची: "गणेश प्लांटेड, अँड हिज ब्रदर हार्वेस्टेड, द तूर." हा प्रकार फार कडक आहे. एसटीत रुमाल टाकून जागा धरतो तसं वाचणारा पहिल्या भागात जागा धरून बसलेला असतो, आणि शेवटी जो शब्द येईल तो त्या जागेत जसाच्या तसा बसला पाहिजे.

म्हणून रिपोर्टात हमखास दिसणारं हे वाक्य, "द कमिटी हॅज अँड विल इन्स्पेक्ट द बंड." जागा भरून बघा, "हॅज इन्स्पेक्ट". नाही बसत, तिथं "इन्स्पेक्टेड" पाहिजे. आता तेच उलटं करा, पहिलं वाक्य पूर्ण लिहा आणि दुसऱ्यातून गाळा: "द कमिटी हॅज इन्स्पेक्टेड द बंड अँड विल अगेन." इथंही "इन्स्पेक्टेड" आणि "इन्स्पेक्ट" असा फरक आहेच की, पण कोणाला खटकत नाही, कारण क्रियापद एकदा कानावर पडलंय, त्याचं पाहिजे ते रूप वाचणारा स्वतःच बनवून घेतो. गॅपिंगमधे एकवचन-अनेकवचनालाही अशीच सूट आहे, "आय ॲम फ्रॉम लातूर अँड माय पेरेंट्स फ्रॉम नांदेड", "ॲम" गाळलाय आणि "आर" धरायचाय, बिनधास्त लिहा.

"ही इज वन ऑफ द बेस्ट, इफ नॉट द बेस्ट, टीचर्स इन लातूर" ह्या वाक्यावर किती डोकं घालतात लोक, "टीचर" करू का "टीचर्स", आणि काहीही केलं तरी एक बाजू मोडते. भांडूच नका. "वन ऑफ द बेस्ट टीचर्स इन लातूर, इफ नॉट द बेस्ट." शेपटी आधी लिहिली, पुढून गाळली, संपलं. "ॲज गुड ॲज ऑर बेटर दॅन"मधला दुसरा "ॲज" जो नेहमी गायब होतो त्याचंही हेच औषध, "ॲज गुड ॲज लास्ट इयर्स क्रॉप, ऑर बेटर." प्रिपोझिशन वेगवेगळे असतील, "इंटरेस्टेड इन अँड वरीड अबाउट", तर दोन्ही ठेवा, त्यात कंजूषी नको.

पण गॅपिंग सोडून, "विल"सारखा शब्द ठेवून त्याच्या पुढचं गाळताना "बी"ला मात्र सूट नाही. "द ताई इज हिअर, अँड द सरपंच विल टू" हे मोडलेलं वाक्य आहे, "विल बी टू" लिहावंच लागतं. बाकी क्रियापदांना इथं जी ढील मिळते ती ह्या एकाला मिळत नाही. आणि गॅपिंग "अँड", "ऑर" असल्या बरोबरीच्या जोडणीतच चालतं, "बिकॉज"च्या पलीकडं नाही. "गणेश ग्रोज सोयाबीन बिकॉज हिज ब्रदर तूर" असं होत नाही, तिथं "ग्रोज" परत लिहा.

(एका पत्रकार ताईंनी विचारलं: "सर, हेडलाइनमधे जागाच नसते, 'दॅन'च्या पुढचं गाळलं तर चालतं ना?")

ताई, "दॅन"च्या पुढं तर सगळ्यात सांभाळा. "व्हिलेजर्स ट्रस्ट द तलाठी मोअर दॅन द सरपंच." गावकऱ्यांचा सरपंचापेक्षा तलाठ्यावर जास्त विश्वास, का तलाठ्यावर सरपंचाचा जितका आहे त्याहून गावकऱ्यांचा जास्त? दुसरं म्हणायचं असेल तर शेवटी "डज" टाका, पहिलं म्हणायचं असेल तर "दॅन दे डू द सरपंच" लिहा. जागा नसेल तर दुसरा कुठला तरी शब्द काढा, हा नको, कारण उद्या सरपंच ऑफिसात आले तर तुम्हालाच समजावून सांगावं लागेल.