एक पहाट, एक रात्र

श्रोतेहो, नमस्कार.

माझा नवरा पहाटे साडेपाचला उठतो, तेही गजराशिवाय. रात्री दहाला त्याच्या पापण्या मिटायला लागतात. मी दीडला झोपते आणि नऊला उठते. घरी हे खपून जातं, कारण घरात खोल्या असतात आणि कामं असतात. सुट्टीत मात्र एकच खोली, एकच दिवा आणि ‘आता सगळं दोघांनी मिळून करायचं’ हा हट्ट.

पहिल्या सुट्टीत आम्ही समजूतदारपणे मधली वेळ काढली. साडेअकराला झोपायचं, सातला उठायचं. कागदावर दोघांनाही साडेसात तास मिळत होते. प्रत्यक्षात मी एक वाजेपर्यंत छताकडे बघत पडायचे आणि तो नेहमीप्रमाणे साडेपाचला टक्क जागा. म्हणजे दोघांनाही सहाच तास. तिसऱ्या दिवशी तो भर संध्याकाळी गाडीत घोरत होता आणि मी रस्त्याच्या एका वळणावरून भांडत होते. वळण बरोबर होतं, हे नंतर कळलं.

चूक कुठे झाली? आपल्या नेहमीच्या झोपेच्या आधीचे दोन-तीन तास शरीर मुद्दाम आपल्याला जागं ठेवतं. दिवसभराचा थकवा साचलेला असतो, तो पेलायला आतलं घड्याळ तेव्हा सर्वांत जास्त जोर लावतं. दीडला झोपणाऱ्या माणसाला साडेअकराला अंथरुणात घालणं म्हणजे नेमक्या त्याच वेळी झोप मागणं. ती मिळत नाही. उलट, लवकर झोपणाऱ्याला एखाद्या रात्री थोडं ताणून जागं राहणं जमतं, पण सकाळी त्याचं घड्याळ त्याला ठरल्या वेळी उठवतंच. म्हणून मधली वेळ ही दोघांचीही नसते.

आता आम्ही झोपेच्या वेळांना हात लावत नाही. सकाळी नऊ ते रात्री दहा आम्ही दोघंही जागे असतो. हे तेरा तास झाले! एवढे तास एकत्र असल्यावर आणखी हवेत कशाला, असं मला वाटतं, पण ते असो. भटकंती, पोहणं, जे काही दोघांना हवं ते या तेरा तासांत. त्यातही सूर्यास्त आमचा हक्काचा. तेव्हा तो अजून ताजा असतो आणि मी नुकती रंगात आलेली असते.

उरल्या कडा. सहा दिवसांच्या सुट्टीत एक पहाट दोघांची आणि एक रात्र दोघांची, आणि दोन्हींच्या मध्ये किमान एक मोकळा दिवस. रात्र जागून लगेच पहाट गाठायची, हे आम्ही एकदा केलं. पुन्हा नाही.

पहाटेसाठी मी लवकर झोपत नाही. नेहमीसारखी दीडला झोपते, साडेपाचला उठते. तो अर्धा तास बोलत नाही, हा करार आहे, कारण त्या वेळी माझा मेंदू अर्धा झोपेतच असतो. सूर्योदय बघायचा, सव्वासातला परत यायचं, पडदे घट्ट ओढून पुन्हा साडेनऊपर्यंत झोपायचं. पूर्वी त्याला वाटायचं, रोज उठवलं तर मला सवय लागेल. पण उशिरा उठणाऱ्याच्या शरीरात साडेपाचला अजून मध्यरात्रच चालू असते. तेव्हा डोळ्यांवर लख्ख प्रकाश पडला, तर घड्याळ पुढे सरकण्याऐवजी आणखी मागे पडू शकतं. त्याचा तो बेत मी आनंदाने मोडीत काढला.

रात्रीसाठी तयारी त्याने करायची. दुपारी दोनला दीड तास झोप, आणि चारच्या आत जाग. मग तो साडेबारापर्यंत हसत बसतो. दुसऱ्या दिवशी तो साडेपाचलाच उठणार, म्हणजे झोप पाचच तास. त्यामुळे त्या दिवशी लांबचं गाडी चालवणं नाही आणि दुपारी पुन्हा डुलकी.

बाकीच्या दिवशी त्याची पहाट त्याची, माझी रात्र माझी. खोली घेताना मी आधी गॅलरी आहे का ते बघते. रात्री मी तिथे वाचत बसते, दिवा खोलीकडे पाठ करून. तो कपडे आणि बूट रात्रीच न्हाणीघरात ठेवतो, म्हणजे पहाटे बॅगेच्या चेनचा आवाज नको. फिरून आल्यावर काय काय पाहिलं, ते नऊच्या आधी सांगायचं नाही. हे पाळणं त्याला सर्वांत जड जातं.

आणि परतीची गाडी आम्ही अकरानंतरचीच घेतो. सातची घेतली, तर शेवटची रात्रही माझी जाते आणि पहाट सामान बांधण्यात त्याचीही.