क्लाससाठी इन्फ्लुएन्सर निवडताय? आधी त्यांचे फॉलोअर्स तपासा

(कॅमेऱ्याकडे पाहून)

समजा, सांगलीत विश्रामबागेत तुमचा आठवी ते दहावीचा गणित-विज्ञानाचा क्लास आहे. राज्य मंडळ, सेमी इंग्लिश, वर्षाची फी १८,००० रुपये. मार्च संपत आलाय आणि नव्या दहावीच्या बॅचमध्ये आठ जागा रिकाम्या आहेत. पत्रकं वाटून झाली, फ्लेक्स लागला. आता कुणीतरी सुचवतं, "सर, इन्स्टावाल्यांकडून एक रील करून घ्या."

चौकशी केल्यावर तीन खाती समोर येतात. खाती कल्पित आहेत, आकडेही हिशोब कळावा म्हणून घेतलेत. पण असे नमुने कुठल्याही जिल्ह्याच्या गावी सापडतील.

(स्क्रीनवर तीन चौकटी)

पहिलं, शहरातल्या खाण्याच्या ठिकाणांचं पेज. ४६,००० फॉलोअर्स, एका रीलचे १२,००० रुपये. दुसरं, मुलांच्या डब्याच्या रेसिपी दाखवणाऱ्या एक ताई. ९,२०० फॉलोअर्स, एक रील आणि तीन स्टोरी मिळून ४,००० रुपये. तिसरं, करिअर आणि मोटिव्हेशनवर बोलणारा एक तरुण. १४,००० फॉलोअर्स, ५,००० रुपये.

बहुतेक क्लासवाले तिसऱ्याकडे वळतात, कारण विषय शिक्षणाचा वाटतो. पण दहावीचा क्लास ठरवतं कोण? बहुतेक घरांत आई, आणि तिचा विचार साधा असतो: मुलगी सायकलवर जाऊन संध्याकाळी साडेसातला घरी परत येईल का. म्हणजे आपल्याला हवे आहेत क्लासपासून तीन-चार किलोमीटरच्या आत राहणारे, घरात आठवी ते दहावीतलं मूल असलेले पालक. मग फॉलोअर बनावट निघाला काय आणि खराखुरा पण नागपूरचा निघाला काय, तुमच्या बॅचला दोन्ही सारखेच. दोन्ही गोष्टी तपासायच्या. सुरुवात अशा तपासणीने करू, जिच्यासाठी समोरच्याला काही विचारावं लागत नाही.

खात्यावरच्या शेवटच्या अकरा रील घ्या. वर पिन केलेल्या तीन सोडून द्या, त्या बहुतेक वेळा सगळ्यात जास्त चाललेल्याच असतात. अकरांचे व्ह्यूज कागदावर चढत्या क्रमाने लिहा आणि सहावा आकडा बघा. सरासरी काढू नका. एक रील दोन लाखांवर गेली असेल तर सरासरी फुगते, आणि तुमच्या जाहिरातीची रील काही व्हायरल होणार नसते. मधला आकडा रोजची परिस्थिती सांगतो.

मग लाइक्स. खऱ्या खात्यावर ते वरखाली होतात: भेंडीच्या भाजीला १८०, पोळीच्या नूडल्सना ९००, दिवाळीच्या शुभेच्छांना ६०. आपल्या तिसऱ्या खात्यावर मात्र प्रत्येक पोस्टला ५०० ते ५२० लाइक्स आहेत, विषय कुठलाही असो. विकतचे लाइक्स ठरावीक पॅकेजमध्ये मिळतात, म्हणून आकडा इतका सपाट येतो.

कमेंट वाचताना कोण बोलतंय आणि काय बोलतंय, दोन्ही पाहा. पाच पोस्ट उघडून कमेंट करणाऱ्यांची नावं उतरवा. प्रत्येक पोस्टखाली तीच पंधरा माणसं "मस्तच", "कडक", आगीचा इमोजी टाकत असतील आणि ती सगळी स्वतःही रील करणारी असतील, तर तो आपसातला ग्रुप आहे. ती माणसं खरी आहेत, पण एकमेकांचे आकडे वाढवायला जमलेली. डबावाल्या ताईंच्या पोस्टखाली मात्र "ताई, रात्री मळून ठेवलं तर सकाळी पोळी कडक होईल का?" असा प्रश्न येतो आणि ताई त्याला उत्तर देतात. हा प्रश्न ज्या बाईने विचारला, ती सकाळी सात वाजता कुणाचा तरी डबा भरते.

आता फॉलोअर्सची यादी. इथे आपल्याकडे एक घोळ हमखास होतो. यूट्यूबवरचे सल्ले सांगतात की खातं लॉक आहे, पोस्ट शून्य आहेत, फोटो स्वतःचा नाही, म्हणजे बनावट. या निकषाने आपल्याकडच्या निम्म्या आया बनावट ठरतील! डीपीला विठ्ठल किंवा गुलाबाचं फूल, खातं प्रायव्हेट, एकही पोस्ट नाही, नावापुढे नवऱ्याचं आडनाव आणि चार आकडे. ही अगदी खरी बाई असते, फक्त बघायला आलेली. फरक कळतो तो ती किती जणांना फॉलो करते यावरून. साधारणपणे अशी बाई दोन-चारशे खाती फॉलो करते आणि तिला साठ-सत्तर जण करतात. विकत आलेलं खातं चार-पाच हजारांना फॉलो करतं आणि त्याला फॉलो करणारे पाच-दहाच असतात. इन्स्टाग्रामची मर्यादा ७,५०० आहे, त्यामुळे अशी खाती त्या आकड्याच्या दिशेने सरकत असतात. यादीच्या वेगवेगळ्या भागांतून चाळीस नावं उघडा. अर्ध्या तासाचं काम आहे, क्लासमधल्या एखाद्या ताईंना सांगितलं तरी चालेल. चाळिसांत असे दोन-तीन कुणाकडेही सापडतात, तेवढ्यावरून संशय घेऊ नका. पंधरा-वीस सापडले तर पुढे जाऊच नका.

आणखी एक जागा. प्रोफाइलवरच्या तीन टिंबांत `About this account` असतं. तिथे खातं कधी सुरू झालं ते कळतं, आणि नाव आधी बदललं असेल तर तेही बऱ्याचदा दिसतं. पाच वर्षं जुनं, सहा वेळा नाव बदललेलं "करिअर" पेज कदाचित काल-परवापर्यंत मीम पेज असेल आणि फॉलोअर्ससकट विकलं गेलं असेल.

(खुर्ची पुढे ओढून)

आता समोरच्याकडे मागायची माहिती. इन्साइट्सचा, म्हणजे खातेधारकालाच दिसणाऱ्या आकडेवारीचा, स्क्रीनशॉट घेऊ नका, त्यातला आकडा बदलायला दोन मिनिटं लागतात. स्क्रीन रेकॉर्डिंग मागा: प्रोफाइल उघडून इन्साइट्समध्ये जायचं आणि फॉलोअर्सची शहरं, वय, स्त्री-पुरुष प्रमाण सलग दाखवायचं. जवळच राहत असतील तर चहाला बोलवा आणि फोनवरच बघा.

शहरांच्या यादीत सांगली, मिरज, कोल्हापूर दिसायला हवं. पुणे आणि मुंबई दिसले तर घाबरू नका. इथली मुलं नोकरीला तिकडेच असतात, शिवाय हे ठिकाण अंदाजाने ठरतं, त्यामुळे मोबाइल डेटावर असलेला सांगलीचा माणूस कधीकधी भलत्याच शहरात मोजला जातो. पण मराठीत बोलणाऱ्या खात्याच्या पहिल्या पाच शहरांत दिल्ली, लखनौ, पाटणा आली, तर त्याचं कारण विचारायचंच. वयात आपल्याला ३५ ते ४४ चा गट हवा. मोटिव्हेशनवाल्याकडे १८ ते २४ हाच मोठा गट असेल, तर ते फॉलोअर्स खरे असूनही तुमचे नाहीत.

खाऊ पेजची गंमत वेगळी. त्यांचे फॉलोअर्स खरे आहेत, पण फॉलोअर्सच्या आलेखात दोन उभे सुळके दिसतात, कारण तेव्हा गिव्हअवे झाला होता. "तिघांना टॅग करा, पिझ्झा फुकट." लोक पिझ्झ्यासाठी आले, ते परत फिरकले नाहीत.

हे सगळं झाल्यावरही शंका राहते, म्हणून माझ्या मते सगळ्यात भरवशाची परीक्षा स्टोरीची. रील अनोळखी लोकांपर्यंतही जाते; स्टोरी मुख्यतः फॉलोअर्सच बघतात, आणि विकतचे फॉलोअर्स बघतच नाहीत. तिघांनाही ५०० रुपये देऊ करा आणि एकाच दिवशी, संध्याकाळी आठ वाजता, दोन पोल टाकायला सांगा. क्लासचं नाव घ्यायचं नाही. पहिला: "घरात आठवी ते दहावीतलं कुणी आहे का?" दुसरा: "तुम्ही विश्रामबाग, वारणाली, कुपवाड रोड या भागात राहता का?" उत्तरं फक्त हो आणि नाही. कुणी काय उत्तर दिलं ते खातेधारकाला नावासकट दिसतं. दुसऱ्या दिवशी, चोवीस तास उलटायच्या आत, त्याचं रेकॉर्डिंग घ्या.

(स्क्रीनवर तक्ता)

खाऊ पेज: स्टोरी बघणारे १,३००, पहिल्या पोलला मतं ९०, दोन्हींना "हो" म्हणणारे ४. डबावाल्या ताई: बघणारे १,१००, मतं १४०, दोन्ही "हो" २६. करिअरवाला: १४,००० फॉलोअर्समधून बघणारे १३०, मतं ९, दोन्ही "हो" शून्य.

सगळे मत देत नाहीत, त्यामुळे २६ ही पूर्ण संख्या नाही. पण तुलना स्पष्ट आहे. ताईंकडे ४,००० रुपयांत निदान २६ घरं, तर खाऊ पेजकडे १२,००० रुपयांत ४ घरं.

व्यवहार ठरवताना अर्धे पैसे आधी आणि अर्धे इन्साइट्स मिळाल्यावर, असं लेखी, निदान व्हॉट्सॲपवर ठरवा. "इतक्या व्ह्यूजला इतके पैसे" हे टाळा. व्ह्यूजही विकत मिळतात. रील जूनमध्ये शाळा सुरू होईपर्यंत काढायची नाही, हे त्यातच लिहा. रील दोघांच्या नावाने कोलॅब पोस्ट करा, म्हणजे तुमच्याही प्रोफाइलवर राहील. पैसे दिलेत तर "पेड पार्टनरशिप"चं लेबल लावायलाच हवं. जाहिरात स्पष्ट दिसली पाहिजे, असा एएससीआय या जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन संस्थेचा नियम २०२१ पासून आहे. आणि ताईंना "९५ टक्क्यांची गॅरंटी" असं वाक्य देऊ नका. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंगच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. त्यात निकालाच्या हमीला मनाई आहे आणि यशस्वी विद्यार्थ्याचं नाव-फोटो वापरायला त्याची लेखी संमती लागते. क्लास लहान आहे म्हणून गॅरंटीचं वाक्य खपून जाईल, असं समजू नका.

चौकशी कुठून आली हे कळायला प्रत्येकाला वेगळी व्हॉट्सॲप लिंक द्या. शेवटचा शब्द तेवढा बदलायचा:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=DEMO-DABBA
```

लिंक दाबली की मेसेज आपोआप लिहिलेला येतो. काही पालक मात्र लिंक न दाबता थेट क्लासवर येतात, म्हणून चौकशीच्या फॉर्मवर "आमच्याबद्दल कुठे पाहिलंत?" हा रकाना ठेवा, आणि तो काउंटरवरच्या माणसाने स्वतः विचारून भरायचा.

हिशोब मेसेजचा करू नका. समजा ताईंकडून १७ मेसेज आले, ९ जणांनी डेमो लेक्चर ठरवलं, ६ आले, २ ॲडमिशन झाल्या. पोलच्या ५०० सकट खर्च ४,५००, म्हणजे एका ॲडमिशनला २,२५०. उरलेल्या दोघांच्या पोलचे १,००० धरले तर २,७५०. फीच्या मानाने ठीक आहे. पण सहा पालक डेमोला येऊन चार परत गेले असतील, तर दुसरी रील करण्याआधी त्या चौघांना फोन करा. अडचण वेळेची होती, फीची होती की डेमोचीच, हे इन्स्टाग्राम सांगणार नाही.