पहिला सायकोसिस: उशीर नेमका कुठे होतो?

सायकोसिसच्या पहिल्या वेळेसाठी वेगळी सेवा उभारायची म्हटलं की चर्चा खाटांपासून सुरू होते. मी आधी एवढंच विचारतो: लक्षणं दिसल्यापासून नीट उपचार लागू होईपर्यंत किती आठवडे गेले, आणि ते कुणाच्या दारात गेले?

समजा, नागपूरच्या इतवारीतला एकवीस वर्षांचा मुलगा. ‘कधीपासून?’ असं विचारलं की आई म्हणते, ‘बारावीपासूनच बदलला.’ तेच लिहून घेतलं तर उशिराचं ऑडिट तिथेच बिघडलं. एकटं राहणं, अभ्यास सुटणं ही पूर्वलक्षणं. मोजणी सुरू होते ती भास किंवा पक्का संशय आठवडाभर टिकला तिथून. तारीख कुणाला आठवत नाही, पण सण आठवतात. म्हणून पोळ्याचं आणि दुसऱ्या दिवशीच्या मारबतीच्या मिरवणुकीचं विचारायचं. मग आई सांगते, ‘मारबतीच्या दिवशी खिडक्या लावून बसला. म्हणे, लोक ओरडण्यात माझंच नाव घेतात, पिवळी मारबत मलाच न्यायला आली. त्यानंतर रोज तेच.’ सापडली सुरुवात.

पुढे देवऋषी, उतारे यांत दहा आठवडे. मग फॅमिली डॉक्टरांच्या झोपेच्या गोळ्यांवर सहा. चिठ्ठी मिळाल्यावर आमच्या ओपीडीत नंबर लागायला दोन. गोळ्या सुरू झाल्या, पण चार दिवसांत त्यानं टाकल्या. पुन्हा लागायला तीन आठवडे. एकूण एकवीस. गोळ्या पहिल्यांदा लिहून दिल्या त्याच दिवशी मोजणी थांबवली असती, तर अठराच दिसले असते. गोळ्या खरोखर पोटात जाऊ लागल्या तो दिवस धरा.

आता कामं आपोआप वाटली जातात. पहिले दहा आठवडे आशाताई आणि कॉलेजच्या शिक्षकांचे. त्यांना थेट फोन करता येईल असा एक नंबर हवा. सहा आठवडे फॅमिली डॉक्टरांचे. दोन आपले: फोन आला की सोशल वर्करनं दोन-तीन दिवसांत गाठायचं, गरज पडली तर घरी जाऊन. शेवटचे तीन नर्सचे: पहिल्या आठवड्यात फोन, अंग आखडतंय का, झोप कशी आहे याची विचारपूस, आणि तक्रार असेल तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडून डोस कमी करून घेणं. प्रत्येक रुग्णामागे जबाबदार माणूस एकच, आणि तो डॉक्टरच असला पाहिजे असं नाही.

ऑडिटमध्ये सरासरी काढू नका. चार वर्षं घरात कोंडलेला एक रुग्ण आला की ती फुगते. मध्यक घ्या, आणि काही फायलींची सुरुवातीची तारीख दोघांनी स्वतंत्रपणे ठरवून ताडून पाहा.

नॉर्वेत रोगालँड भागात जाहिराती आणि शोधपथकांमुळे हा मध्यक पाच आठवड्यांवर आला होता. जाहिराती थांबल्या, तो पुन्हा पंधरावर गेला. आपल्याकडे पहिल्या वर्षी उलटही घडेल. आशाताई घरोघर विचारू लागल्या की वर्षानुवर्षं लपवलेले रुग्ण बाहेर येतील आणि आकडा वाढेल. म्हणून वर्षाहून जुन्या रुग्णांचा रकाना वेगळा ठेवा, नाहीतर वरिष्ठ तो आकडा बघून सेवाच बंद करतील.