रशियन वाक्यातली शेवटची जागा

(पडद्यावर इंग्रजी कादंबरीचं पान. एका ओळीतला एकच शब्द तिरक्या टाइपात.)

वाक्य साधं आहे: आन्नाने पुस्तक विकत घेतलं. पण त्यातलं 'आन्ना' हे नाव तिरकं छापलंय. म्हणजे पुस्तक दुसऱ्या कुणी नाही, आन्नाने घेतलं. इंग्रजीत शब्द जागचे हलत नाहीत, फक्त आवाज चढतो आणि छापताना तो तिरक्या टाइपात दिसतो. रशियनमध्ये हेच काम शब्दांची जागा बदलून होतं.

सरळ रशियन वाक्य असं: 'आन्ना कुपीला क्नीगू.' आन्ना, घेतलं, पुस्तक. छापील वाक्य वाचताना रशियन वाचकाचा जोर आपसूक शेवटच्या शब्दावर पडतो. माहीत असलेलं आधी, नवं शेवटी. वाक्याची ही विभागणी झेक भाषाशास्त्रज्ञ व्हिलेम माथेसियस यांनी १९३९ मध्ये नीट मांडली.

मग आन्नाला शेवटी न्यायचं: 'क्नीगू कुपीला आन्ना.' कुणी काय घेतलं याचा घोटाळा होत नाही, कारण 'क्नीगा' या शब्दाचं कर्म होताना 'क्नीगू' झालंय.

(पडद्यावर तिन्ही शब्द सरकतात.)

मराठी माणसाने इथे जपून राहायला हवं. आपण म्हणतो, 'पुस्तक आन्नाने घेतलं'. आपला जोराचा शब्द क्रियापदाच्या अगदी अलीकडे येतो. त्याच सवयीने 'क्नीगू आन्ना कुपीला' लिहिलं, तर व्याकरण बिनचूक राहतं, पण जोर 'कुपीला'वर जातो. रशियन वाचकाला ऐकू येतं, 'पुस्तक तर आन्नाने घेतलंय', म्हणजे बाकीचं काही राहिलं असेल. इंग्रजीत 'डिड' लावून जे ठासून सांगतात, त्यासाठी हीच रचना छान बसते.

पडताळणी सोपी आहे. वाक्य कोणत्या प्रश्नाचं उत्तर आहे, ते विचारा. 'कुणी घेतलं?' असा प्रश्न असेल, तर आन्ना शेवटी. 'काय घेतलं?' असा असेल, तर पुस्तक शेवटी.

ही सोय प्रत्ययांच्या जिवावर चालते. 'मात्य ल्यूबित दोच', आई मुलीवर प्रेम करते. इथे 'मात्य' आणि 'दोच' दोन्ही शब्द कर्ता असोत वा कर्म, रूप एकच. शब्द उलटवले की मुलगीच आईवर प्रेम करू लागते. अशा वेळी क्रम तसाच ठेवून आईच्या आधी 'इमेन्ना' हा शब्द लावतात. तो बराचसा आपल्या 'च'चं काम करतो. पण जिथे नुसती जागा बदलून भागतं, तिथेही 'इमेन्ना' पेरला, की भाषांतराचा वास येतो.

(ध्वनिमुद्रणाची खोली. माइकसमोर अभिनेत्री.)

हे सगळं छापील मजकुराचं आणि सबटायटल्सचं झालं. बोलताना रशियन माणूसही आवाज चढवू शकतो. म्हणून डबिंगमध्ये आन्ना पहिल्या जागेवर राहिली तरी चालतं. अभिनेत्रीने त्या नावावर नेमका जोर द्यायला हवा, एवढंच.