टीव्हीचं ऑटो अपडेट चालू ठेवायचं की बंद? आधी बोर्डावरचं बटण बघा

(कॅमेऱ्यासमोर. मागे भिंतीवर टीव्ही, बाजूला स्विचबोर्ड दिसतोय.)

नमस्कार मंडळी. आज सुरुवात टीव्हीपासून करत नाही. सुरुवात करतोय या बोर्डावरच्या बटणापासून. तुमच्या घरी रात्री झोपताना टीव्ही रिमोटने बंद करतात आणि मग हे बटणही खाली करतात का? माझ्या मामांकडे कराडला रोज करतात. टीव्हीच्या खालचा लाल दिवा जळत राहिला की वीज जाते, असं मामींचं म्हणणं.

गेल्या दिवाळीत तिथे काय झालं ते सांगतो. मामांचा त्रेचाळीस इंची टीव्ही, तीन वर्षांचा. बरेच दिवस पडद्यावर ‘नवीन सॉफ्टवेअर उपलब्ध आहे’ अशी पट्टी यायची आणि मामा ती रिमोटने घालवायचे. त्या रात्री माझ्या भाच्याने ‘हो’ दाबलं. डाउनलोड झालं, टीव्ही आपोआप बंद होऊन परत चालू झाला आणि काळ्या पडद्यावर एक बारीक पट्टी सरकायला लागली. साधारण तीस टक्क्यांपर्यंत आली असेल. घरात सगळे झोपायला निघाले होते. मामी आल्या, त्यांना काळा पडदा दिसला, टीव्ही बंद केलेला आहे असं वाटलं आणि त्यांनी बोर्डावरचं बटण खाली केलं.

सकाळी टीव्ही लावला तर कंपनीचं नाव येतंय, पाच सेकंदांनी जातंय, परत येतंय. तिथेच अडकला.

मामींची यात काही चूक नाही. पडद्यावर ‘वीज बंद करू नका’ असं इंग्रजीत बारीक अक्षरात लिहिलं होतं, ते कोण वाचणार? पण यात एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे, कारण ऑटो अपडेटचा सगळा निर्णय तिच्यावर उभा आहे.

अपडेटचे दोन टप्पे असतात. पहिला डाउनलोडचा. नवीन सॉफ्टवेअरची फाइल इंटरनेटवरून टीव्हीच्या मेमरीत एका बाजूला येऊन पडते. हे चालू असताना लाइट गेली, वायफाय तुटलं, मुलगा हॉटस्पॉटवाला फोन घेऊन बाहेर गेला, तरी टीव्हीचं काही बिघडत नाही. जुनं सॉफ्टवेअर जागेवर असतं, फाइल पुन्हा उतरवावी लागते एवढंच.

दुसरा टप्पा इन्स्टॉलचा. आता टीव्ही ती फाइल खरंच कंपनीची आहे का हे तिच्यावरच्या डिजिटल सहीवरून तपासतो आणि मग जुन्या सॉफ्टवेअरच्या जागी नवीन लिहायला घेतो. या वेळी वीज गेली तर अर्धं जुनं, अर्धं नवीन अशी अवस्था होते. टीव्ही चालू व्हायला बघतो, पुढचा भाग सापडत नाही, परत पहिल्यापासून सुरू करतो. मामांच्या टीव्हीवर नाव येत-जात होतं ते यामुळे.

काही नव्या टीव्हींत यावर चांगला उपाय आहे. बरेच टीव्ही ज्यावर चालतात त्या अँड्रॉइडमध्ये २०१६ साली, सातव्या आवृत्तीबरोबर, अशी सोय आली की सिस्टमसाठी मेमरीत दोन जागा ठेवायच्या. एका जागेवर टीव्ही चालू असतो, नवीन सॉफ्टवेअर दुसऱ्या जागेवर लिहिलं जातं. लिहिताना वीज गेली तरी पहिली जागा शाबूत. पण यासाठी मेमरी जास्त लागते आणि स्वस्त टीव्हीत एकूण मेमरीच आठ जीबी असते. तुमच्या टीव्हीत काय आहे याचा अंदाज घ्यायचा असेल तर गेल्या अपडेटला काय झालं ते आठवा. तुम्ही कार्यक्रम बघत असतानाच सगळं होऊन शेवटी फक्त ‘रीस्टार्ट करा’ आलं असेल, तर बहुधा दोन जागांची सोय आहे. रीस्टार्ट झाल्यावर काळ्या पडद्यावर पट्टी सरकत बसली असेल, तर जुनी पद्धत समजा आणि त्या वेळी विजेला हात लावू नका.

(टीव्हीकडे वळून, रिमोट हातात.)

आता ऑटो अपडेट. या बाबतीत दोन घटना माझ्या डोक्यात कायम असतात.

पहिली ऑगस्ट २०१७ची. सॅमसंगने त्या वर्षीच्या एमयू मालिकेतल्या टीव्हींसाठी एक अपडेट सोडलं आणि ब्रिटनमध्ये बऱ्याच लोकांचे कोरे टीव्ही वापरता येईनासे झाले. दुरुस्तीसाठी काहींना आठवड्याहून जास्त थांबावं लागलं. या लोकांनी काहीच चुकीचं केलं नव्हतं. अपडेटच खराब होतं आणि ते लगेच घेतलं गेलं, एवढंच.

दुसरी घटना याच्या बरोबर उलट. नोव्हेंबर २०२३मध्ये बिटडिफेंडर या सुरक्षा कंपनीने एलजीला कळवलं की त्यांच्या वेबओएस या सिस्टमवर चालणाऱ्या टीव्हींत चार त्रुटी आहेत. मोबाइलवरून टीव्ही चालवता यावा म्हणून टीव्हीत एक सेवा चालू असते. फोन जोडताना टीव्ही पिन विचारतो. त्रुटी अशी होती की पिन न देताच स्वतःचं खातं तयार करता येत होतं आणि तिथून पुढे टीव्हीचा पूर्ण ताबा घेता येत होता. ही सेवा घरच्या वायफायपुरतीच असायला हवी, पण ९१ हजारांहून जास्त टीव्ही थेट इंटरनेटवरून दिसत होते. एलजीने दुरुस्ती सोडली २२ मार्च २०२४ला आणि त्रुटीचा तपशील जाहीर झाला ९ एप्रिलला. म्हणजे ज्यांचं ऑटो अपडेट चालू होतं त्यांना साधारण अडीच आठवडे आधी दुरुस्ती मिळण्याची संधी होती. ज्यांनी पट्टी घालवली, त्यांच्या टीव्हीचं कुलूप कसं उघडायचं हे एप्रिलमध्ये जगाला कळलं.

माझं मत दुसऱ्या बाजूला झुकतं. खराब अपडेट क्वचित येतं, आणि आलं तर कंपनीला ते निस्तरावं लागतं. उघडी राहिलेली त्रुटी मात्र तुम्हाला दिसतसुद्धा नाही. म्हणून ऑटो अपडेट चालू ठेवा, पण एका अटीवर. बोर्डावरचं बटण रात्री चालू राहायला हवं. बरेच टीव्ही स्टँडबायमध्ये असताना, म्हणजे नुसता लाल दिवा असताना, अपडेट शोधतात किंवा बसवतात. रोज बटण खाली होत असेल तर दोनपैकी एक होतं: अपडेट महिनोन्‌महिने येतच नाही, किंवा नेमकं लिहिलं जात असताना वीज तोडली जाते.

मामींच्या विजेच्या शंकेचं उत्तरही देतो. आजचा टीव्ही स्टँडबायमध्ये साधारण अर्धा ते दोन वॉट घेतो. दोन वॉट धरले आणि महिनाभर चोवीस तास धरले, तरी दीड युनिटाच्या आत हिशेब बसतो.

आणि ज्यांच्याकडे बटण बंद करावंच लागतं? पावसाळ्यात वीज कडाडते म्हणून गावाकडे प्लगच काढून ठेवतात, आणि ते बरोबरच आहे. त्यांनी ऑटो अपडेट बंद करावं आणि महिन्यातून एकदा, दिवसा, घरी कोणी बसलेलं असताना हाताने अपडेट करावं. लोडशेडिंगची वेळ सोडून. टीव्ही इन्व्हर्टरवर असेल तर उत्तम, वायफायचा राउटर नसला तरी चालेल, कारण इन्स्टॉल सुरू झाल्यावर इंटरनेट लागत नाही.

मेनू कुठे आहे ते दाखवतो. गुगल टीव्हीत बहुतेक ठिकाणी असं जायचं:

```
Settings > System > About > System update
```

सॅमसंगमध्ये `Support`मध्ये `Software Update`, तिथेच `Auto Update`चा स्विच. एलजीच्या नव्या टीव्हीतही `Support`खाली `Software Update`, आणि जुन्यांत `General`मध्ये `About This TV`. एलजीच्या बऱ्याच टीव्हींत स्विचचं नाव `Allow Automatic Updates`. सगळ्याच टीव्हींत असा स्विच नसतो, तेव्हा शोधून सापडला नाही तर घाबरू नका.

खरं अपडेट याच मेनूतून येतं. टीव्हीच्या ब्राउझरमध्ये ‘तुमचा टीव्ही जुना झाला, इथे दाबा’ असं काही आलं, किंवा फोनवरून कोणी लिंक पाठवली, तर ते अपडेट समजू नका.

आता मामांच्या टीव्हीचं पुढे काय झालं. सर्व्हिस सेंटरने आधी आतलं बोर्डच बदलायला सांगितलं. त्याआधी आम्ही पेन ड्राइव्हचा मार्ग वापरला. टीव्हीच्या मागच्या स्टिकरवरून मॉडेल नंबर उतरवला, शेवटच्या अक्षरांसकट. ती अक्षरं महत्त्वाची, कारण एकाच आकाराच्या टीव्हीत देशाप्रमाणे आणि वर्षाप्रमाणे आतला भाग वेगळा असू शकतो, आणि दुसऱ्या मॉडेलची फाइल घातली तर आहे तेही जाईल. फाइल फक्त कंपनीच्या सपोर्ट पानावरूनच घेतली. पेन ड्राइव्ह `FAT32`मध्ये फॉरमॅट केला. फाइल कुठे ठेवायची हे कंपनीप्रमाणे बदलतं. एलजीत `LG_DTV` नावाचं फोल्डर करून त्यात `.epk` फाइल ठेवावी लागते, सॅमसंगमध्ये झिप उघडून आतलं सगळं थेट पेन ड्राइव्हवर, कुठल्याही फोल्डरमध्ये न घालता. मामांच्या टीव्हीला त्यांच्या पद्धतीने ठेवली, मागचं पॉवरचं बटण दाबून धरत प्लग लावला आणि दिवा लुकलुकायला लागला. वीस मिनिटं आम्ही कोणी बोर्डाजवळ गेलो नाही. टीव्ही सुरू झाला.

हे प्रत्येक टीव्हीत जमेलच असं नाही. नुसताच लाल दिवा असेल आणि पेन ड्राइव्ह लावून काहीच हालत नसेल, तर तंत्रज्ञालाच बोलवा. वॉरंटीत असेल तर हे काहीही स्वतः करू नका.

अपडेट झाल्यावर एक काम आठवणीने करा. टीव्ही बरेचदा नव्या अटींचं पान दाखवतो आणि आपण भराभर ‘मान्य’ दाबत जातो. त्यात तुम्ही पडद्यावर काय बघता याची नोंद ठेवण्याची परवानगी असते. सॅमसंगमध्ये तिचं नाव `Viewing Information Services`, एलजीत `Live Plus`. आधी बंद केली असेल तर परत चालू झाली आहे का, सेटिंगमध्ये जाऊन बघा. ती बंद ठेवून टीव्ही व्यवस्थित चालतो.

आणि टीव्ही इतका जुना असेल की दोन-तीन वर्षं एकही अपडेट आलेलं नाही, तर त्याला इंटरनेटवरूनच सोडवा. वायफायचं नेटवर्क टीव्हीतून काढून टाका, एचडीएमआयला एखाद्या ओळखीच्या कंपनीची स्ट्रीमिंग स्टिक लावा आणि अपडेट त्या स्टिकचं होऊ द्या. पडदा चांगला असेल तर तो अजून कितीतरी वर्षं चालेल.

मामांकडे बोर्डावर आता एक कागदी चिकटपट्टी लावलेली आहे. मामींनीच लिहिलंय: ‘टीव्हीचं बटण चालू ठेवणे.’ खाली कंसात ‘पाऊस सोडून.’