अक्कांचा अर्ज

नमस्कार, श्रोतेहो. आमच्या गल्लीत एक आजी राहतात, सगळे त्यांना अक्का म्हणतात. यजमान गेले, अक्कांनी बक्षीसपत्र करून जमीन दोन मुलांच्या नावावर केली आणि वर्षभरात अक्कांवर शेजाऱ्यांच्या डब्यावर दिवस काढायची वेळ आली. थोरला पुण्यात नोकरीला, धाकट्याचं गावातच दुकान, मुलगी सासरी, शिक्षिका.

मी म्हटलं, "अक्का, प्रांतसाहेबांकडे अर्ज द्या."

"पोटच्या पोरांना कोर्टात खेचू होय?"

कोर्ट नाही, श्रोतेहो. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांसाठी 2007चा कायदा आहे. त्याचं न्यायाधिकरण प्रांत कार्यालयात बसतं. आपण राहतो तिथेच अर्ज देता येतो आणि वकील लागत नाही. पुन्हा सांगतो, वकील लागत नाही. स्वतःला जमत नसेल तर दुसऱ्या कुणाला अधिकार देऊन त्याच्यामार्फतही अर्ज करता येतो.

अक्कांनी अर्जात फक्त धाकट्याचं नाव घातलं. थोरल्याच्या डोक्यावर घराचा हप्ता आहे म्हणे! तारखेला धाकटा उभा राहिला, "साहेब, मी एकटाच मुलगा आहे का?" त्याचं चुकलं नव्हतं. बाकीच्या भावंडांना सामील करून घ्यायला कायदा त्याला मुभा देतो. थोरल्याला नोटीस गेली, मुलीलाही गेली. मुलीचं लग्न झालं म्हणून जबाबदारी सुटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1987 सालीच सांगितलंय, तेही आपल्या कल्याणच्या एका डॉक्टर मुलीच्या प्रकरणात. शेवटी थोरल्याने 4,000, मुलीने 2,000 आणि धाकट्याने 1,500 रुपये दरमहा द्यायचे ठरले. कायद्याची कमाल मर्यादा महिना 10,000 आहे. नोटीस पोचल्यापासून 90 दिवसांत निकाल लावायचा असतो. फार तर आणखी 30 दिवस. निकालापर्यंत तात्पुरती रक्कमही मागता येते.

जमीन मात्र परत मिळाली नाही. बक्षीसपत्रात "आईला सांभाळायचं" ही अट कुठेच नव्हती. ती अट असती, तर सांभाळ केला नाही म्हणून ते पत्रच रद्द करून मागता आलं असतं. माझं विचाराल तर हयातीत बक्षीसपत्र करूच नये, मृत्युपत्र करावं. ते कधीही बदलता येतं. करायचंच असेल, तर ती अट लिहून घ्या. अट लिहून घ्या.

आता दर महिन्याच्या पाच तारखेला अक्का पासबुक भरून आणतात. बँकांनी पासबुक छापायचं यंत्र बंद ठेवलं की मला फार राग येतो. मोबाइलवरचे संदेश अक्कांना वाचता येत नाहीत. गेल्या दिवाळीत थोरल्याचे पैसे आले नाहीत, ते त्या पासबुकातच कळलं. अशा वेळी रक्कम थकल्या दिवसापासून तीन महिन्यांच्या आत प्रांतांकडे वसुलीचा अर्ज द्यावा लागतो. तीन महिन्यांच्या आत, बरं का. तरीही भरली नाही, तर महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. अक्कांनी लगेच अर्ज दिला, आणि नोटीस हातात पडताच थोरल्याने थकलेले सगळे पैसे एकदम भरले.