निकाल लागायच्या आधीचा मेल

(पुण्यात शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय, ‘एखादा विषय राहिला तर कंपनीला काय कळवायचं?’ त्याकडे मी येणारच आहे. पण आधी एका मुलीची गोष्ट सांगतो. प्लेसमेंट ऑफिसात इतकी वर्षं काढल्यावर मला जी गोष्ट सगळ्यात जास्त खुपते, ती तिच्या बाबतीत घडली.

हिंजवडीतल्या एका कंपनीचं ऑफर लेटर तिच्या हातात होतं. अट अशी की सगळे विषय सुटलेले हवेत, एकूण सीजीपीए किमान ६.५ हवा आणि शेवटच्या सेमिस्टरची गुणपत्रिका रुजू व्हायच्या आधी पोचायला हवी. रुजू व्हायचं होतं १५ जुलैला. परीक्षा जूनमध्ये संपली, जुलै उजाडला, तरी निकालाचा पत्ता नाही. तिनं दहा दिवसांत एचआरला चार मेल टाकले. चारही मेलमध्ये एकच ओळ होती, ‘सर, एनी अपडेट?’ उत्तर एकाचंही नाही. मग आईला घेऊन माझ्यासमोर येऊन बसली. ‘सर, ऑफर काढून घेतली का हो त्यांनी?’

काढून घेतलेली नव्हती. जरा त्या एचआरच्या खुर्चीत बसून बघा. तिच्यासमोर शेकडो नवे उमेदवार, आणि प्रत्येकाच्या नावापुढे गुणपत्रिकेचा रकाना. एखाद्याचा रकाना रिकामा ठेवून त्याला रुजू करून घ्यायचं तर वरिष्ठांची मंजुरी लागते. ती मागायला हातात कागद हवा आणि एक तारीख हवी. ‘एनी अपडेट’मध्ये दोन्ही नाही. आणि खरं सांगायचं तर अपडेट त्यांच्याकडे नव्हतंच, ते आपल्याकडे होतं! हे मी दर वर्षी सांगतो आणि दर जुलैत तेच मेल माझ्यापुढे येतात.

आम्ही ऑफर लेटर समोर ठेवलं आणि एकेक अट तपासली. सातव्या सेमिस्टरपर्यंत तिचे १५० क्रेडिट झाले होते आणि सीजीपीए ७.१ होता. शेवटचं सेमिस्टर २० क्रेडिटचं. समजा, सगळे विषय अगदी काठावर सुटले, प्रत्येकात ४ ग्रेड पॉइंट. मग १५० गुणिले ७.१ म्हणजे १०६५, त्यात ८० मिळवा, ११४५. भागिले १७०. उत्तर येतं ६.७४. म्हणजे पास झाली की सीजीपीएची अट मोडूच शकत नाही! पोरीचा चेहरा एकदम उजळला. मात्र ऑफर लेटरमध्ये प्रत्येक सेमिस्टरची वेगळी अट असेल, तर हा हिशोब चालत नाही. तेवढी ओळ नीट वाचा.

मग परीक्षा विभागातून कॉलेजच्या लेटरहेडवर पत्र घेतलं. सगळ्या पेपरांना बसली आहे, निकाल अद्याप जाहीर झालेला नाही, खाली सही-शिक्का. ४ जुलैला पाचवा मेल गेला. विषयाच्या ओळीत नाव, पद, रुजू व्हायची तारीख आणि ‘निकाल प्रलंबित’. आत सातही सेमिस्टरच्या गुणपत्रिका, कॉलेजचं पत्र, सीजीपीएचा हिशोब दोन ओळींत, आणि शेवटी एकच प्रश्न, ‘हमीपत्र लिहून देऊन मी १५ तारखेला रुजू होऊ शकते का? गुणपत्रिका ३१ ऑगस्टपर्यंत देईन.’ ज्यांच्या सहीनं ऑफर आली होती त्यांना मेल, प्लेसमेंट ऑफिस सीसीमध्ये. संध्याकाळी उत्तर आलं. हमीपत्राचा नमुनाच जोडला होता.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. तर आता पत्रिकेवरचा विषय.

निकाल लागला आणि विषय राहिला, तर त्याच दिवशी कळवा. लपवून रुजू झालात तर पडताळणीत कागदपत्रं विद्यापीठाकडे जातात, आणि तेव्हा हातातली नोकरीही जाते. विषयाचं नाव आणि मिळालेले गुण स्पष्ट लिहा. उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवली असेल, पुनर्मूल्यांकनाचा अर्ज केला असेल, तर तसं लिहा, पण ‘नक्की सुटेल’ असं लिहू नका. पुनर्मूल्यांकनाचा निकाल कधी लागेल ते तुमच्या हातात नाही. विचारायचं एवढंच की पुढच्या तुकडीत रुजू करून घेता येईल का. काही कंपन्या घेतात, काही ऑफर रद्द करतात. अट लेखी आहे, तो त्यांचा अधिकार आहे.

आणि निकालावर ‘राखीव’ असा शेरा दिसला तर ते नापास नव्हे. बऱ्याचदा अंतर्गत गुण पोचलेले नसतात किंवा एखादं कागदपत्र अडलेलं असतं. आधी परीक्षा विभागात जाऊन कारण लेखी घ्या. तो कागद जोडल्याशिवाय नुसता स्क्रीनशॉट कंपनीला पाठवू नका.

वेळ संपली. ज्यांनी ऑफर लेटर बरोबर आणलंय त्यांनी बाहेर पायऱ्यांपाशी थांबा, अटीची ओळ आपण एकत्र वाचू.